इशारा लवकर हवा की उशिरा?

चालकाला झोप येते आहे हे ओळखून इशारा देणारी यंत्रणा आता नव्या गाड्यांत सर्रास मिळते. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून ती प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे. तिच्या सेटिंगवरून रात्रीचे लांबचे प्रवास करणाऱ्यांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की संवेदनशीलता सर्वांत वर ठेवावी, जिवाशी खेळ कशाला? दुसरा तट म्हणतो, हे यंत्र उगाच कटकट करते, जागा असलेल्या माणसाला झोपाळू ठरवते, त्यापेक्षा बंद केलेले बरे. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही एकच चूक गृहीत धरून बोलतात. ती चूक म्हणजे संवेदनशीलता वाढवली की यंत्राला जास्त चांगले दिसते, ही समजूत. तसे काही होत नाही. कॅमेरा तोच, गणित तेच. बदलते ते एवढेच, की किती संशय आल्यावर तोंड उघडायचे. म्हणून माझे मत असे, की रात्रीच्या लांब प्रवासाला लवकर इशारा देणारे सेटिंगच योग्य आहे, पण ते कायमचे ठेवण्यासारखे नाही. शिवाय त्या इशाऱ्यावर काय करायचे हे निघण्याआधी ठरलेले नसेल, तर ते कुठेही ठेवले तरी फारसा फरक पडत नाही.

हे पटण्यासाठी यंत्र नेमके काय मोजते ते पाहायला हवे, कारण झोप हे काही ते थेट मोजत नाही. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली स्टिअरिंगवरून अंदाज बांधण्याची. जागा माणूस सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत एखाद्या अंशाने इकडेतिकडे करत असतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. पेंग येऊ लागली की या बारीक हालचाली थांबतात, गाडी हळूहळू एका बाजूला सरकते आणि मग एकदम दचकून झटका दिला जातो. शांतता आणि मग झटका, ही जोडी यंत्र शोधते. व्हॉल्वोने २००७ मध्ये कॅमेऱ्याने रस्त्यावरचे पट्टे पाहून आणि मर्सिडीजने २००९ मध्ये स्टिअरिंगच्या हालचालींवरून अशा यंत्रणा बाजारात आणल्या. प्रवासाच्या सुरुवातीच्या काळात यंत्र चालकाची नेहमीची ढब शिकून घेते आणि पुढे त्या ढबीपासून तो किती ढळला ते पाहते. त्यात घड्याळातली वेळ आणि सलग किती वेळ गाडी चालली हेही मिसळले जाते. काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते, की घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर यंत्रणा नीट काम करणार नाही. ते वाक्य बहुतेक जण वाचत नाहीत.

दुसरी रीत डोळ्यांची. स्टिअरिंगमागे किंवा पडद्याजवळ बसवलेला छोटा कॅमेरा आणि त्याच्या शेजारी अवरक्त दिवे. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, म्हणून काळोखातही चेहरा उजळतो आणि चालकाचे डोळे दिपत नाहीत. यंत्र पापण्यांमधले अंतर सेकंदाला अनेकदा मोजते आणि एका ठरावीक कालखंडात, उदाहरणार्थ एका मिनिटात, डोळे ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेले असण्याचा वेळ किती, याचे प्रमाण काढते. या मापाला पर्क्लोस म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधनातून ते पुढे आले आणि आजही डोळ्यांवरून झोप ओळखण्याचा तो कणा आहे. आकडे घालून पाहू. ताजातवाना माणूस मिनिटाला पंधरा वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा साधारण दशांश सेकंद पूर्ण मिटलेला राहतो असे धरले, तर साठ सेकंदांत दीड सेकंद, म्हणजे अडीच टक्के. त्याच माणसाला झापड आली, की लवणे संथ होते. प्रत्येक वेळी डोळा पाव सेकंद मिटला आणि मधे दोनदा दीड-दीड सेकंद डोळा लागला, तर बेरीज पावणेसात सेकंदांवर, म्हणजे अकरा टक्क्यांवर जाते. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. त्या दीड सेकंदात साडेसदतीस मीटर रस्ता कोणीच पाहिलेला नसतो.

आता अडीच आणि अकरा यांच्या मधे रेघ कुठे मारायची? संवेदनशीलतेचे सेटिंग म्हणजे ही रेघ. रेघ खाली आणली, म्हणजेच संवेदनशीलता वाढवली, की इशारा लवकर येतो, रेघ वर नेली की उशिरा. पण मधला प्रदेश धूसर आहे. समोरून येणाऱ्या गाडीचे प्रखर दिवे डोळ्यांवर आले की माणूस डोळे बारीक करतो. खाली पाहून वेग वाचताना पापण्या खाली येतात आणि कॅमेऱ्याला डोळा मिटल्यासारखा वाटतो. काहींचे डोळे मुळातच अर्धोन्मीलित असतात. चष्म्याच्या काचेवर अवरक्त दिव्याचीच चकाकी पडते. यांपैकी कशालाही झोप म्हणता येणार नाही, पण रेघ खाली असेल तर यातले काही तिच्यावर चढतेच. उलट, डोळे उघडे ठेवून क्षणभर भान हरपलेला माणूस पर्क्लोसच्या हिशेबात जागाच ठरतो. रेघ कितीही खाली आणली तरी तो सापडत नाही.

रडारच्या काळात हाच पेच पडला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे कर्मचारी तासन् तास पडद्यावर पाणबुडीचा अंधुक ठिपका शोधत बसत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी प्रयोग केले आणि १९४८ मध्ये दाखवून दिले, की पहिल्या अर्ध्या तासातच ठिपके निसटायचे प्रमाण वाढते. पुढे १९५० च्या दशकात संकेत ओळखण्याचे गणित बांधले गेले. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या: ठिपका आणि गोंगाट यांतला फरक ओळखण्याची क्षमता एक, आणि ‘ठिपका दिसला’ असे म्हणायची तयारी दुसरी. कर्मचाऱ्याला दटावले, की दिसेल ते कळव, तर तो जास्त पाणबुड्या पकडेल हे खरे, पण तितकेच जास्त देवमासेही कळवेल. त्याची नजर सुधारलेली नसते, फक्त जीभ सैल झालेली असते. गाडीतल्या सेटिंगवर वाद घालणाऱ्या दोन्ही तटांनी एवढे समजून घेतले तरी अर्धा वाद तिथेच मिटेल.

आता विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा. लवकर इशारा देणारे यंत्र खोटे इशारेही जास्त देते, आणि ‘लांडगा आला रे आला’ होऊन खरा इशारा आला तेव्हा चालक तो न वाचताच बटण दाबून घालवतो. हा मुद्दा खरा आहे. तो उडवून लावणाऱ्यांनी रात्री गाडी चालवलेली नसावी. पण हे खोटे इशारे केव्हा येतात, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. समजा, एक हजार चालक संध्याकाळी आठ वाजता रस्त्यावर आहेत आणि त्यांपैकी वीसच खरोखर झोपाळलेले आहेत. लवकर बोलणारे सेटिंग झोपाळलेल्यांपैकी सत्तर टक्के पकडते आणि जागे असलेल्यांपैकी दहा टक्क्यांना उगाच टोकते असे धरू. तर चौदा खरे इशारे आणि अठ्ठ्याण्णव खोटे. म्हणजे आठ इशाऱ्यांत एक खरा. कटकट म्हणतात ती हीच. आता तेच एक हजार चालक पहाटे तीन वाजता, आणि झोपाळलेले तीनशे. यंत्र तेच, सेटिंग तेच. खरे इशारे दोनशे दहा, खोटे सत्तर. चारांत तीन खरे. हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण त्यांतली दिशा गणितातूनच येते आणि ती कोणत्याही यंत्रणेला चुकत नाही. इशारा खरा किती, हे यंत्राच्या सेटिंगइतकेच वेळेवर अवलंबून असते.

उशिरा बोलणारे सेटिंग पहाटेच्या त्याच हजारांवर लावून पाहा. ते झोपाळलेल्यांपैकी चाळीस टक्के पकडते आणि जाग्यांपैकी दोनच टक्क्यांना टोकते असे धरले, तर खरे इशारे एकशे वीस आणि खोटे चौदा. दिसायला किती नेटके! पण न पकडलेले झोपाळू नव्वदवरून एकशे ऐंशीवर गेले. छप्पन्न जणांची कटकट वाचवण्यासाठी नव्वद जण इशाऱ्याविना पुढे गेले. संध्याकाळी हाच हिशेब उलटा फिरतो: लवकरच्या सेटिंगने सहा जास्त झोपाळू पकडले, आणि त्यासाठी अठ्ठ्याहत्तर जास्त माणसांना उगाच टोकले. म्हणून संवेदनशीलता ही चालकाच्या स्वभावाची किंवा आवडीची बाब नाही, ती प्रवासाची बाब आहे. दिवसाच्या जा-ये करण्यात ती साधारण ठेवावी, म्हणजे कान इशाऱ्याला निबर होत नाहीत. रात्रीच्या लांब पल्ल्याला निघताना ती वर न्यावी, म्हणजे इशारा तेव्हा येतो जेव्हा तो खरा असण्याची शक्यता मोठी असते. वर्षभर एकाच जागी ठेवून देणारे दोन्ही तट इथे चुकतात.

पण लवकर म्हणजे नेमके किती लवकर? इथे कॅरोलिन्स्का निद्रालुता श्रेणी उपयोगी पडते. १९९० मध्ये स्वीडनमध्ये मांडलेल्या या श्रेणीत एक ते नऊ पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर झोप आलेली असते, पण जागे राहायला जोर लावावा लागत नाही. आठवीवर थोडा जोर लावावा लागतो. नववीवर माणूस झोपेशी अक्षरशः झुंजत असतो. युरोपच्या नियमाप्रमाणे यंत्रणेने आठव्या पायरीला इशारा द्यायलाच हवा, सातवीला दिला तरी चालतो. सेटिंग वरखाली करताना आपण ढोबळमानाने याच दोन पायऱ्यांमध्ये घुटमळत असतो. समजा, एखाद्या चालकाला सातवीवरून आठवीवर जायला वीस मिनिटे लागली. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने ती तीस किलोमीटर होतात. या अंतरात गाडी थांबवायची सुरक्षित जागा सापडू शकते, आणि ती शोधण्याएवढी शुद्ध सातव्या पायरीवर असते. आठव्या पायरीवर माणूस ‘पुढच्या थांब्याला थांबू’ म्हणतो, पण तो पुढचा थांबा त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातो.

यावर एक चोख आक्षेप घेतला जातो: झोप आली आहे हे माणसाला स्वतःला कळतेच, मग यंत्र कशाला? आक्षेपात तथ्य आहे. लफबरो विद्यापीठातल्या लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले, की सिम्युलेटरवर डुलकी लागण्याआधी चालकांना आपण झोपाळलो आहोत याची जाणीव होती. जाणीव असूनही काही जण ‘डोळा लागणार नाही’ या भरवशावर होते. म्हणजे कमतरता माहितीची नसते. झोप आली आहे हे माहीत असणे आणि आता थांबायलाच हवे हे मान्य करणे यांच्या मधे घर गाठायची ओढ, सोबतच्यांची झोप, पोहोचायची दिलेली वेळ असे बरेच काही उभे असते. यंत्राचा इशारा नवी माहिती देत नाही. तो फक्त स्वतःशी चाललेल्या वाटाघाटीत तिसरा आवाज आणतो. हा आवाज वाटाघाट सुरू व्हायच्या वेळी आला तर ऐकला जातो, ती हरल्यावर आला तर नाही. लवकरच्या सेटिंगच्या बाजूने मला हा युक्तिवाद आकड्यांपेक्षाही वजनदार वाटतो.

आता जो मुद्दा ‘सर्वांत वर ठेवा’वाल्या तटाला खुपेल तो. संवेदनशीलता वर नेली म्हणून गप्प बसलेले यंत्र ‘तू ठीक आहेस’ असे म्हणत नसते. युरोपच्या नियमाखाली मान्यता मिळवताना यंत्रणेने चाचणीत झोपाळलेल्या अवस्था सरासरी चाळीस टक्क्यांहून जास्त ओळखल्या की ती उत्तीर्ण होते. बऱ्याच यंत्रणा याहून चांगल्या असतील, पण कायद्याची किमान पायरी एवढीच आहे. अशा यंत्राच्या मौनावर विसंबून आणखी शंभर किलोमीटर रेटणे हा शुद्ध जुगार आहे. त्यात रात्रीच्या लांब प्रवासात एक विशेष खोच आहे. पट्ट्यांच्या मधोमध गाडी ठेवणारी मदत चालू असेल, तर स्टिअरिंगच्या बारीक हालचाली यंत्रच करते. चालकाचे हात नुसते टेकलेले असतात. मग स्टिअरिंगवरून झोप ओळखणाऱ्या यंत्रणेला शिकायला आणि पाहायला उरते काय? कंटाळवाण्या सरळ रस्त्यावर, जिथे झोप येण्याची भीती सर्वाधिक, तिथेच ती आंधळी होते. जोराचा आडवा वारा आणि खराब रस्ता यांनीही तिचा अंदाज बिघडतो. तिथे सेटिंग कुठेही असो, फरक पडत नाही.

मोजलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांच्यातली ही फट रेल्वेने फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. चालकाला काही झाले तर गाडी आपोआप थांबावी म्हणून पायाने सतत दाबून ठेवायचे पेडल असते. पाय सुटला की ब्रेक. ३१ जानेवारी २००३ रोजी ऑस्ट्रेलियात वॉटरफॉल नावाच्या स्थानकाजवळ रेल्वेच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आला, पण त्याच्या निश्चेष्ट पायांच्या वजनानेच पेडल दाबलेले राहिले. गाडी वेग घेत वळणावर उलटली आणि चालकासह सात जण गेले. पेडलला ‘पाय आहे का’ एवढेच कळत होते, ‘माणूस आहे का’ हे नाही. म्हणून पेडल काढून टाका असे कोणी म्हटले नाही, आणि आजच्या यंत्रणाही काढून टाकाव्यात असे मी म्हणत नाही. मात्र स्प्रिंग कितीही नाजूक केली तरी पेडलला पलीकडचे कळणार नव्हते, आणि पर्क्लोसची रेघ कितीही खाली आणली तरी उघड्या डोळ्यांनी हरवलेला चालक कॅमेऱ्याला दिसणार नाही.

माझा खरा राग मात्र सेटिंगवर नाही, तो इशाऱ्यानंतर जे घडते त्यावर आहे. पडद्यावर कपाचे चित्र येते, विश्रांती घ्या असे म्हटले जाते. चालक काच खाली करतो, गाणी मोठी लावतो. रेनर आणि हॉर्न यांनीच तपासून पाहिले आहे, की थंड वारा आणि रेडिओ यांचा परिणाम फार थोडा आणि थोड्याच वेळापुरता असतो. त्यांच्या प्रयोगांत टिकाऊ उपयोग झाला तो दोन गोष्टींचा: पंधरा मिनिटांच्या आतली छोटी डुलकी आणि कॉफी. त्यातही कॉफीतल्या कॅफिनला चढायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून आधी कॉफी घेऊन लगेच आडवे व्हायचे, म्हणजे उठेपर्यंत कॅफिन कामाला लागलेले असते. उठल्या उठल्या काही मिनिटे डोके जड राहते, तोवर गाडी सुरू करायची नाही. हे सगळे धरून थांबा अर्ध्या तासाचा होतो. कॉफी पिऊन दोन मिनिटांत पुन्हा स्टिअरिंगवर बसणाऱ्याने या अर्ध्या तासाचा सर्वांत कामाचा भाग वगळलेला असतो.

आणि इथेच बऱ्याच यंत्रणा त्या चालकाला साथ देतात. गाडी थांबवून पट्टा सोडला आणि दार उघडले, की त्या समजतात, विश्रांती झाली. चालकाचे लक्ष किती आहे ते पडद्यावर दाखवणारी पट्टी पुन्हा भरते, सलग चालवल्याचा वेळ शून्यावर येतो. काहींत त्यानंतर नेहमीची ढब नव्याने शिकायला सुरुवात होते, आणि आता शिकवणारा माणूस आधीच पेंगुळलेला असतो. त्याच्या संथ, तुटक हालचालीच ‘नेहमीच्या’ ठरतात. ढळणे मोजायचे ते ढळलेल्या जागेपासून. रात्री अडीच वाजता इशारा आला, चालक तीन मिनिटे उतरून हातपाय झटकून परत बसला, तर पुढचा अर्धा-पाऊण तास यंत्र त्याच्याविषयी जवळपास मुके होऊ शकते, आणि नेमका हाच वेळ शरीराच्या घड्याळात झोपेचा जोर सर्वाधिक असण्याचा. संवेदनशीलता वर ठेवणारा चालक उलट जास्त वेळा फसू शकतो, कारण त्याला लवकर इशारा येतो, तो लवकर थांबतो, आणि अपुऱ्या थांब्यावर यंत्राची पावती लवकर घेऊन पुढे जातो.

उत्पादकांकडे मागायचे असेल तर सेटिंगच्या आणखी दोन पायऱ्या मागण्यात अर्थ नाही. गाडी किती वेळ थांबली होती हे तिला ठाऊक असते. रात्रीचे किती वाजलेत हेही, आणि मागच्या तासात किती इशारे गेले हेही. मग दोनदा इशारा मिळालेला चालक तीन मिनिटांत परत आला, तर त्याची पाटी कोरी कशाला करायची? पंधरा मिनिटांहून छोटा थांबा विश्रांती धरू नये, आधीचे इशारे हिशेबात ठेवावेत, आणि मध्यरात्रीनंतर चालकाने सेटिंग कुठेही ठेवलेले असले तरी पुढच्या तासाभरापुरती रेघ खालीच राहावी. यासाठी नवा कॅमेरा लागत नाही, सॉफ्टवेअरमधला नियम बदलावा लागतो.